जप्तीच्या कागदावरची तारीख

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. पशुखाद्याच्या उधारीसाठी एका व्यापाऱ्याने २ जानेवारी २०१७ रोजी माझ्यावर दावा लावला. मी हजर राहिलो नाही. २ जानेवारी २०२० रोजी एकतर्फी हुकूमनामा झाला: मुद्दल ४,००,००० रुपये, दाव्यापासून हुकूमनाम्यापर्यंत १२ टक्के आणि पुढे वसूल होईपर्यंत ६ टक्के व्याज, शिवाय खर्च २२,००० रुपये. २०२१ मध्ये मी त्याला बँकेतून १,००,००० आणि रोख ६०,००० दिले. रोखीची पावती नाही. २०२३ मध्ये त्याने दरखास्त लावली, नोटीस मी सही करून घेतली, पण गेलो नाही. आता बेलीफ येऊन दवंडी देऊन गेला. दोन्ही गट (एक १ हेक्टर २० आर विहीर-बागायत, माझ्या एकट्याच्या नावावर, दुसरा २ हेक्टर जिरायत, भावासोबत सामाईक) आणि गावठाणातले राहते घर जप्त केल्याचा कागद दारावर लावला. त्यावर १८ फेब्रुवारी ही तारीख आहे. मागणी ८,५४,००० ची आहे. माल खराब होता, व्याज जास्त आहे, हे आता सांगता येईल का? अटक होईल का? सगळे जाणार का?
– एक शेतकरी, सोलापूर जिल्हा

उत्तर

सप्रेम नमस्कार. पत्र लिहिण्यापूर्वी तुम्ही दारावरचा कागद नीट वाचला असावा, कारण त्यावरची तारीख तुम्ही आवर्जून कळवली आहे. बहुतेक जण ती वाचत नाहीत. दवंडी झाली, गावात बोभाटा झाला, आता लिलावाच्या वेळी पुन्हा नोटीस येईल तेव्हा बघू, असे त्यांना वाटते. म्हणून या तारखेपासूनच सुरुवात करतो.

स्थावर मालमत्तेची जप्ती दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ५४ प्रमाणे होते. जमीन कोणी उचलून नेत नाही. मालमत्ता हस्तांतरित करू नये किंवा तिच्यावर बोजा चढवू नये अशी मनाई तुम्हाला होते, तिची दवंडी पिटली जाते आणि हुकुमाची प्रत मालमत्तेवर, न्यायालयात व ग्रामपंचायतीत लावली जाते. जमीन महसूल भरणारी असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातही लागते. पण १९७६ च्या दुरुस्तीपासून त्याच हुकुमात आणखी एक गोष्ट असते. विक्रीच्या जाहीरनाम्याचा मजकूर ठरवण्याची तारीख कधी नेमली जाणार हे समजून घेण्यासाठी तुम्ही अमुक दिवशी हजर राहावे, असे त्यात फर्मावलेले असते. त्याला जोडूनच नियम ६६ मध्ये अशी तरतूद आहे की, नियम ५४ च्या हुकुमातून ती तारीख तुम्हाला कळलेली असेल तर जाहीरनाम्यापूर्वी वेगळी नोटीस द्यावीच लागत नाही. म्हणजे दारावरचा तो कागदच तुमची नोटीस आहे. १८ फेब्रुवारीला तुम्ही गेला नाहीत तर जाहीरनाम्यात काय लिहायचे हे तुमच्या गैरहजेरीत ठरू शकेल, आणि पुढे जे बिघडेल ते बहुतेक त्या मजकुरामुळेच बिघडेल.

ही धास्ती मी उगाच घालत नाही. विक्री झाल्यानंतर ती रद्द करून मागण्याचा जो अर्ज असतो त्याच्या तरतुदीत, म्हणजे नियम ९० मध्ये, असे स्पष्ट म्हटले आहे की, जाहीरनामा तयार होईपर्यंत जो आक्षेप तुम्ही घेऊ शकला असता त्या आधारावर विक्री रद्द करता येणार नाही. माझ्या एका पक्षकाराची साडेतीन एकर ऊसाची जमीन त्याच्या अंदाजाच्या निम्म्या किमतीला गेली, तेव्हा तो माझ्याकडे आला. बाजारभावाचे सगळे पुरावे त्याच्या पिशवीत होते, व्यवस्थित पिना मारून ठेवलेले. जाहीरनामा निघण्याआधीच्या तारखेला तो पिशवीसकट घरी बसून होता. त्यामुळे ते पुरावे दाखल करण्यापलीकडे मला फार काही करता आले नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. माल खराब होता, हिशेब चुकीचा होता, व्याज जास्त लावले, हे दरखास्तीत, म्हणजे हुकूमनामा अंमलात आणण्याच्या अर्जात, सांगता येणार नाही. अंमलबजावणी करणारे न्यायालय हुकूमनाम्याच्या मागे जाऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७० च्या वासुदेव धनजीभाई मोदी यांच्या प्रकरणात ठामपणे सांगितले आहे. हुकूमनामा कायद्याने किंवा वस्तुस्थितीने चुकीचा असला तरी, तो रद्द किंवा बदल होईपर्यंत त्याप्रमाणेच अंमल करावा लागतो. अपवाद एवढाच की, हुकूमनामा मुळातच शून्य असावा आणि ते कागदावरून दिसावे. उदाहरणार्थ, दाव्यापूर्वीच मृत झालेल्या माणसाविरुद्ध दिलेला हुकूमनामा, किंवा ज्या न्यायालयाला तो विषय ऐकण्याचा अधिकारच नव्हता त्याने दिलेला हुकूमनामा. तुमचा तसा नाही. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज मूळ दाव्यातच करावा लागतो. त्याची मुदत हुकूमनाम्यापासून तीस दिवस, आणि समन्स लागलेच नव्हते असे असेल तर तो तुम्हाला कळल्यापासून तीस दिवस. २०२३ ची नोटीस तुम्ही सही करून घेतली, तेव्हापासूनच हे तुम्हाला माहीत होते असे धरले जाईल. अपीलाची मुदतही केव्हाच उलटली आहे. उशीर माफ करून घेऊन अपील दाखल झालेच, तरी अपील आहे एवढ्यावरून अंमलबजावणी थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि पैशाच्या हुकूमनाम्यात न्यायालय सहसा रक्कम जमा करा किंवा जामीन द्या असे सांगते. तुमच्यापाशी वेळ थोडा आहे, तो या वाटेवर घालवू नका.

२०२३ ची नोटीस का आली होती हेही सांगतो, कारण त्या वेळी गैरहजर राहिल्याने एक दार बंद झाले आहे. हुकूमनाम्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळाने दरखास्त लागली की नियम २२ प्रमाणे ऋणकोला नोटीस द्यावी लागते. ती न देता पुढची विक्री केली तर तो गंभीर दोष ठरतो. तुम्हाला मात्र नोटीस मिळाली, आणि हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची मुदत बारा वर्षे असल्याने दरखास्त मुदतीतही आहे. त्या नोटिशीवर जे आक्षेप घेता आले असते, ते आता नव्याने काढले तर पूर्वन्यायाचे, म्हणजे एकदा निकाली निघालेला मुद्दा पुन्हा न काढण्याचे, तत्त्व दरखास्तीलाही लागू आहे असे उत्तर मिळेल.

मग उरते काय? बरेच काही उरते. पण ते हुकूमनामा चुकीचा आहे या रागात सापडणार नाही. हुकूमनाम्याप्रमाणे किती रक्कम, कोणत्या मालमत्तेतून, तिचा किती भाग विकून आणि कोणत्या किमतीला वसूल करायची, हे प्रश्न अजून उघडे आहेत. कलम ४७ प्रमाणे ते दरखास्त चालवणाऱ्या न्यायालयानेच ठरवायचे असतात.

आधी रक्कम बघू. दरखास्तदाराने मागितलेले ८,५४,००० मी तुमच्या आकड्यांवरून मांडून पाहिले. मुद्दल चार लाख. दाव्यापासून हुकूमनाम्यापर्यंत तीन वर्षे १२ टक्क्यांनी १,४४,००० व्याज. खर्च २२,०००. इथपर्यंत बरोबर आहे. हुकूमनाम्यानंतर २ जानेवारी २०२६ पर्यंत सहा वर्षे होतात. ६ टक्के दराने चार लाखांवर वर्षाला २४,००० म्हणजे सहा वर्षांचे १,४४,०००, आणि एकूण ७,१०,०००. मागणीतला आकडा जुळतो तो याच सहा वर्षांना १२ टक्के लावले तरच, म्हणजे २,८८,००० व्याज धरले तर. हुकूमनाम्याच्या खालच्या बाजूला एक दर लिहिलेला असताना दरखास्तीच्या तक्त्यात वरचा दर पुढे चालू ठेवला आहे. ही चूक मी किती तरी दरखास्तींत पाहिली आहे. बहुतेक वेळा ती लबाडी नसते, दाव्यातला हिशेब तसाच पुढे ओढलेला असतो. पण तिच्यामुळे तुमच्यावर १,४४,००० रुपये जास्त चढले आहेत, आणि जाहीरनाम्यात वसुलीची रक्कम म्हणून तोच आकडा छापला जाईल. हा आक्षेप हुकूमनाम्याविरुद्ध नाही, हुकूमनाम्याच्या बाजूने आहे. म्हणून तो टिकतो. हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल काढा, व्याजाचे वाक्य अधोरेखित करा आणि आपला तक्ता त्यासोबत जोडा. भविष्यातील व्याज फक्त मुद्दलावर चालते, आधीच्या व्याजावर नाही, हेही तपासून घ्या.

तुम्ही दिलेल्या पैशांबद्दल मात्र वाईट बातमी द्यावी लागते. न्यायालयाबाहेर दिलेली रक्कम हुकूमनामाधारकाने न्यायालयात नोंदवावी, किंवा ऋणकोने ती नोंदवून घेण्यासाठी अर्ज करावा, असा आदेश २१, नियम २ आहे, आणि नोंद न झालेली रक्कम अंमलबजावणीचे न्यायालय विचारात घेत नाही. ऋणकोच्या अशा अर्जाची मुदत तीस दिवस. उशीर माफ करण्याची मुदत कायद्यातली नेहमीची सवलत आदेश २१ खालच्या अर्जांना लागू नाही, हे त्या कलमातच लिहिले आहे. म्हणून २०२१ च्या दोन्ही रकमांसाठी आज तुम्ही स्वतः अर्ज करणे उशिराचे आहे. पण दोन्ही रकमांची स्थिती सारखी नाही. रोख साठ हजारांना कागद नाही आणि समोरचा कबूल करणार नसेल तर ते या दरखास्तीपुरते गेले असे समजा. बँकेतून दिलेल्या लाखाची गोष्ट निराळी आहे. हुकूमनाम्यानंतर काही रक्कम मिळाली का, असा रकाना दरखास्तीच्या नमुन्यातच असतो. दरखास्तीची नक्कल काढा आणि तिथे त्याने काय भरले आहे ते पाहा. एक लाख दाखवले असतील तर काम झाले. ‘काही नाही’ असे लिहिले असेल तर बँकेचा उतारा जोडून, ही रक्कम मिळाली की नाही याचा दरखास्तदाराने खुलासा करावा अशी मागणी म्हणण्यात करा. त्याने न्यायालयासमोर कबूल केले तर ती वजा होईल, आणि बँकेचा उतारा समोर असताना शपथेवर नाकारणे त्याच्या वकिलालाही सोयीचे नसते. ही गोष्ट तारखेच्या आधी वकिलामार्फत विचारून पुरशीस, म्हणजे न्यायालयात द्यायचे सहीचे लेखी निवेदन, घेण्याने जितकी सुटते तितकी वादाने सुटत नाही.

पुढे मालमत्ता. राहत्या घराला कलम ६० चे संरक्षण मिळू शकते. शेतकऱ्याच्या मालकीचे आणि त्याच्या वापरातले घर, त्याखालची व त्याच्या उपभोगाला लागणारी जागा हुकूमनाम्यात जप्त होत नाही. पण शेतकरी म्हणजे कोण? स्वतः जमीन कसणारा आणि ज्याचा उदरनिर्वाह मुख्यतः शेतजमिनीच्या उत्पन्नावर आहे तो, अशी व्याख्या त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. तुमची उधारी पशुखाद्याची आहे, म्हणजे गोठा मोठा असणार. दुधाचे उत्पन्न पिकापेक्षा जास्त असेल तर दरखास्तदार नेमके हेच बोट ठेवेल. सातबाऱ्यावरची पीकपाहणी, कारखान्याची ऊसबिले, बाजार समितीच्या पट्ट्या यांवरून शेतीचे उत्पन्न किती, आणि चारा स्वतःच्याच रानातला आहे का, हे दाखवावे लागेल. आणखी एक लक्षात ठेवा. उधारीच्या वेळी ‘घरातूनही वसूल करण्यास हरकत नाही’ असे तुमच्याकडून लिहून घेतले असेल तर घाबरू नका. कलम ६० चा फायदा सोडून देण्याचा करार शून्य असतो. शेतजमिनीला मात्र असे संरक्षण नाही. जमीन जप्त होते आणि विकलीही जाते.

तुमच्या पत्रातल्या ‘सगळे जाणार का’ या प्रश्नाचे उत्तर नियम ६४ मध्ये आहे. या प्रकरणात तुमचा सर्वांत मोठा आधार तोच आहे, म्हणून त्यावर थोडा जास्त वेळ घेतो. हुकूमनामा भागवण्यास आवश्यक वाटेल तेवढाच भाग विकावा, असे हा नियम सांगतो. १९८९ च्या अंबाती नरसय्या यांच्या प्रकरणात सुमारे २,४०० रुपयांच्या वसुलीसाठी दहा एकर जमीन १७,००० रुपयांना विकली होती. तिचा काही भाग विकून भागले असते का, हे पाहणे न्यायालयाच्या मर्जीचा प्रश्न नसून ते त्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आणि ती विक्री टिकली नाही. पण न्यायालयाला आपोआप कळत नाही की तुमच्या कोणत्या गटातला कोणता कोपरा किती किमतीचा आहे. ते तुम्ही सांगायचे असते, नकाशावर दाखवून.

सामाईक गट पुढे करू नका. त्यात तुमचा अविभक्त हिस्साच विकला जाऊ शकतो, आणि असा हिस्सा घेणाऱ्याला जमीन न मिळता वाटपाचा दावा मिळतो. म्हणून त्याला किंमत येत नाही. तुमच्या भावाने आपल्या हिश्श्यापुरती हरकत नियम ५८ खाली स्वतःच्या नावाने आणि विक्रीपूर्वी घ्यावी. विक्री झाल्यावर ती हरकत घेतली जात नाही, आणि केवळ वेळ काढण्यासाठी केली आहे असे वाटले तरी ती ऐकून घेण्यास न्यायालय नकार देऊ शकते. तिच्यावरचा निर्णय हुकूमनाम्यासारखा असतो व त्यावर अपील होते. तुमच्या म्हणण्यात एवढेच लिहा की, त्या गटातला फक्त तुमचा निम्मा हिस्सा जप्त समजावा आणि जाहीरनाम्यात तसा उल्लेख व्हावा.

पुढे करायचा तो बागायत गट. समजा रस्त्याकडच्या बाजूला विहिरीचे पाणी मिळणाऱ्या चाळीस आरची किंमत तुमच्या अंदाजाने बारा लाख आहे. ७,१०,००० साठी तेवढे पुरे, आणि लाखाचा वाद तुमच्या बाजूने लागला तर त्याहून कमी पुरेल. पण न्यायालयाला विकता येईल असा तो तुकडा हवा. त्याची चतुःसीमा लिहा, भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी करून घेता आली तर नकाशा जोडा, जायला वाट कुठून ते दाखवा, विहिरीतला पाण्याचा हक्क किती ते ठरवा. तुकडेबंदीच्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा तो लहान होऊ देऊ नका, आणि राहिलेला भागही तसा लहान होऊ देऊ नका. किमतीसाठी शेजारच्या जमिनींच्या नोंदणीकृत खरेदीखतांच्या सूची क्रमांक दोनच्या नकला, त्या वर्षीचा शासनाचा बाजारमूल्य दरतक्ता आणि जमल्यास मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल द्या. नियम ६६ प्रमाणे न्यायालयाने स्वतःची किंमत लिहायलाच हवी असे नाही, पण दोन्ही पक्षांनी दिलेले अंदाज जाहीरनाम्यात घ्यावे लागतात. बोली लावणारा तेच वाचून येतो. तुमचा आकडा तिथे नसेल तर दरखास्तदाराचा एकट्याचाच राहील.

सोलापूर जिल्ह्यात आणखी एक गोष्ट किमतीवर परिणाम करते. महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकता येत नाही, आणि दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यातली विक्रीही त्यात धरलेली आहे. म्हणजे लिलावात बोली लावायला तालुक्याच्या गावातला सोन्याचांदीवाला येऊन चालत नाही; शेतकरीच लागतो. खुद्द दरखास्तदाराला बोली लावायची तर न्यायालयाची परवानगी लागते, आणि व्यापारी जर शेतकरी नसेल तर ही दुसरी अडचणही त्याच्यापुढे आहे. बोली लावणारे कमी म्हणजे भाव कमी. म्हणून मी तुम्हाला लिलावाच्या भरवशावर राहू नका असे म्हणतो.

त्यापेक्षा नियम ८३ वाचा. दरखास्तींत तो क्वचितच वापरलेला दिसतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. विक्रीचा हुकूम झाला असला तरी, मालमत्तेचा काही भाग गहाण ठेवून, भाड्याने देऊन किंवा खासगी विकून रक्कम उभी राहील असे न्यायालयाला पटले तर ते विक्री पुढे ढकलून ऋणकोला तशा व्यवहाराचा दाखला देऊ शकते. जप्तीनंतर तुम्ही परस्पर केलेले हस्तांतरण दरखास्तदाराविरुद्ध टिकत नाही. या दाखल्याने ती अडचण त्या मुदतीपुरती दूर होते. पैसे मात्र तुमच्या हातात न येता थेट न्यायालयात भरावे लागतात आणि न्यायालयाने मंजुरी दिल्याशिवाय व्यवहार पक्का होत नाही. बांधालगतचा शेतकरी चाळीस आर घ्यायला तयार असेल, तर लिलावात तो जो भाव देईल त्यापेक्षा खासगी खरेदीत जास्त देईल, कारण तिथे त्याला हक्काची वाट आणि पाण्याचा वाटा बोलून ठरवता येतो. असा खरेदीदार असेल तर त्याचे लेखी संमतिपत्र, थोडी इसाराची रक्कम न्यायालयात जमा करण्याची तयारी आणि तीन महिन्यांची मुदत, एवढे घेऊन अर्ज करा. नुसती ‘मुदत मिळावी’ अशी मागणी करू नका. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या राहुल शहा प्रकरणात सांगितले, आणि २०२५ मध्ये पुन्हा सर्व उच्च न्यायालयांना प्रलंबित दरखास्तींचा आढावा घ्यायला लावला. त्यामुळे आता न्यायाधीश मुदतअर्जावर सही करण्यापूर्वी तुमच्याकडे काय आहे ते पाहतात.

विक्री झालीच तरी एक वाट राहते, ती खर्चिक आहे. जाहीरनामा न्यायालयात लावल्यापासून किमान पंधरा दिवसांनी लिलाव होतो. हातोडा पडण्यापूर्वी देणे आणि खर्च भरला तर लिलाव थांबतो. हातोडा पडल्यावर खरेदीदार तिथेच पंचवीस टक्के आणि पंधरा दिवसांत बाकीची रक्कम भरतो. त्यानंतर नियम ८९ प्रमाणे, जाहीरनाम्यात लिहिलेली वसुलीची रक्कम आणि खरेदीच्या रकमेच्या पाच टक्के खरेदीदाराला, असे दोन्ही विक्रीपासून साठ दिवसांत न्यायालयात जमा केले तर विक्री रद्द होते. आठ लाखांची विक्री असेल तर हे पाच टक्के म्हणजे ४०,००० रुपये. इथे तुमच्या हिशेबाच्या आक्षेपाचे मोल पुन्हा कळते: जाहीरनाम्यात ८,५४,००० राहिले तर तेच भरावे लागतील. विक्रीतल्या अनियमिततेचा अर्ज नियम ९० खाली करता येतो, पण भाव कमी आला एवढे पुरत नाही. जाहीरनाम्यात किंवा लिलावात मोठा दोष आणि त्यामुळे तुमचे खरे नुकसान, असे दोन्ही सिद्ध करावे लागते. नियम ८९ चा अर्ज करायचा तर नियम ९० चा अर्ज मागे घ्यावा लागतो, हेही ठरवतानाच लक्षात असू द्या.

अटकेबद्दल थोडक्यात. या दरखास्तीत जप्ती-विक्रीच मागितली असेल तर अटकेची मागणी आज पुढे नाही. मागितली तरी आधी कारणे दाखवा अशी संधी मिळते, आणि ऋणकोजवळ पैसे भरण्याची ऐपत असून तो टाळतो आहे, किंवा मालमत्ता लपवतो अथवा गायब करतो आहे, असे काही न्यायालयाला पटल्याशिवाय दिवाणी कैद होत नाही. नुसत्या गरिबीसाठी ती नाही, असे १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. कैद झालीच तर पाच हजारांवरील हुकूमनाम्यात ती जास्तीत जास्त तीन महिने, आणि कैदेने देणे फिटत नाही. तुमच्या बाबतीत धोका दुसरीकडे आहे. न्यायालय नियम ४१ खाली तुमच्या मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र मागू शकते. ते न देणाऱ्यालाही तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मागितले तर गोठा, ट्रॅक्टर, बँकखाती, सगळे खरे लिहून द्या.

१८ फेब्रुवारीला नेण्यासाठी हुकूमनामा व दरखास्तीच्या नकला, बँकेचा उतारा, दोन्ही गटांचे सातबारा व फेरफार, घराचा ग्रामपंचायत उतारा आणि दारावरच्या त्या कागदाचा फोटो एवढे आजच जमवा. मूळ कागद दारावरून फाडू नका. तडजोड होऊन रक्कम भागली, किंवा जमिनीचा तुकडा विकून ती न्यायालयात जमा झाली, तर जप्ती उठल्याचा न्यायालयाचा हुकूम आणि तलाठी कार्यालयाला जाणारे पत्र हाती घेतल्याशिवाय परतू नका. रक्कम फिटली की जप्ती कायद्याने उठते, पण सातबाऱ्यावर इतर हक्कात लागलेली तिची नोंद ते पत्र पोहोचून फेरफार मंजूर होईपर्यंत तशीच राहते, आणि पुढच्या हंगामात पीककर्जाला गेल्यावर बँकेचा अधिकारी पहिल्यांदा तोच रकाना पाहतो.